टर्म कव्हर नेमकं किती? घरखर्चापासून सुरू करून काढलेला आकडा

प्रश्न: वय ३७, पुण्यात नोकरी, हातात महिना ९५ हजार. पत्नी (३३) खासगी शाळेत शिकवते, १८ हजार. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ३. गृहकर्ज ४२ लाख बाकी, १७ वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता ३९ हजार. गाडीचं ३ लाख बाकी. हप्ते सोडून घरखर्च ५२ हजार. गावी आईवडिलांना ८ हजार पाठवतो, आई ६२ वर्षांची आहे. पीएफ ११ लाख, म्युच्युअल फंड ८ लाख, एफडी ३ लाख, एक जुनी एंडोमेंट पॉलिसी ५ लाखांची, ऑफिसचं ग्रुप टर्म ३० लाख. एसआयपी ५ हजार. एजंट अडीच कोटी सांगतो, सहकारी म्हणतो एक कोटी पुरे. कोणाचं ऐकू?

उत्तर:

दोघांनीही तुमच्या पगारावरून गोल आकडा काढला आहे. वर्षाच्या पगाराच्या दहा पट, वीस पट हे हिशेब विमा कंपनी तुम्हाला जास्तीत जास्त किती कव्हर देईल हे ठरवायला ठीक आहेत. घराला किती लागेल हे त्यातून कळत नाही. ९५ हजार पगार, घर स्वतःचं, कर्ज नाही आणि मुलं कमावती, अशा माणसाला फार थोडं कव्हर लागतं. तेवढ्याच पगारावर तुमच्यासारखी कर्जं आणि लहान मुलं असली की आकडा कितीतरी वर जातो. म्हणून मी नेहमी खर्चाच्या बाजूने हिशेब मांडतो आणि शेवटी पगाराच्या बाजूने तो पडताळून पाहतो.

पहिलं काम ५२ हजार फोडण्याचं. हा आकडा बहुतेक लोक अंदाजाने सांगतात आणि तो हमखास कमी असतो, कारण वर्षातून एकदाच येणारे खर्च डोक्यात नसतात: शाळेची फी, दिवाळी, गावच्या फेऱ्या, मालमत्ता कर, गाडीचा विमा, कधी फ्रिज तर कधी रंगकाम. बँकेचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा, यूपीआयचे व्यवहार त्यात येतातच, हप्ते, गुंतवणूक आणि गावी पाठवलेले पैसे वजा करा आणि उरलेल्याला बाराने भागा. तुमचे ५२ हजार असेच काढलेले आहेत असं धरून पुढे जातो. नसतील तर आधी ते करा, कारण महिन्याला ५ हजारांची चूक पुढच्या हिशेबात जवळजवळ ११ लाखांची होते.

तुम्ही नसाल तर या ५२ हजारांतून तुमचा स्वतःचा खर्च वजा होतो: पेट्रोल, मोबाइल, कपडे, बाहेरचं खाणं, घरच्या किराण्यातला तुमचा वाटा. चौघांच्या घरात एक माणूस कमी झाला म्हणून खर्च चौथ्या हिश्श्याने घटत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, शाळा, कामवाल्या बाई तेवढ्याच राहतात. त्यामुळे मी १२ हजारच वजा करतो. उरले ४०. आता याच्यात काही खर्च नव्याने वाढतात, आणि नेमके हेच लोक विसरतात. तुमच्या ऑफिसचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणजे तिघांसाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागेल. मुलांना सोडणं-आणणं, बँकेची आणि घराची कामं, जे आज तुम्ही करता, त्यातल्या काही गोष्टी पैसे देऊन करून घ्याव्या लागतील. दोन्हींचे मिळून ४ हजार धरले. घराला लागतात ४४ हजार.

पत्नीचा पगार १८ हजार आहे, पण मी त्यातले १४ धरतो. खासगी शाळेत दर वर्षी महागाईइतकी वाढ मिळेलच याचा भरवसा नसतो, आणि अशा प्रसंगानंतर काही महिने त्यांना काम करता येणार नाही हेही शक्य आहे. त्यांची नोकरी पक्की सरकारी असती तर पूर्ण १८ धरले असते. सध्याच्या हिशेबाने दरमहा ३० हजारांची, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजारांची तूट भरायची आहे. किती वर्षं? धाकटा २३ वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे २० वर्षं.

इथे सगळ्यात मोठी चूक होते. लोक म्हणतात, एफडीवर ७ टक्के व्याज मिळतं, मग ५१ लाख ठेवले की वर्षाला ३ लाख ६० हजार व्याज येईल आणि मुद्दल तसंच राहील. पहिल्या वर्षी हे अगदी बरोबर दिसतं. पण ६ टक्के महागाईने खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. व्याज तेवढंच राहतं, त्यामुळे दुसऱ्या वर्षापासूनच मुद्दलाला हात लागायला लागतो आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते ५१ लाख संपतात. त्या वेळी तुमचा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, कॉलेजच्या ऐन मधोमध.

म्हणून व्याजदर पाहू नका, व्याजदर आणि महागाई यांच्यातला फरक पाहा. घरातला कमावता माणूस गेल्यावर घरखर्चाचे पैसे जपूनच ठेवावे लागतात. बँकेतली एफडी, पोस्टाच्या योजना, थोडे डेट फंड. त्यावर ७ टक्के मिळाले आणि महागाई ६ असली, तर खरी वाढ सुमारे १ टक्का. हा १ टक्का धरला की सगळे आकडे आजच्या किमतीत ठेवता येतात आणि हिशेब सोपा होतो. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये इतकंच लिहायचं:

```
=PV(1%,20,-360000)
```

उत्तर येतं सुमारे ६५ लाख. हा १ टक्का माझा अंदाज आहे आणि तुम्ही तो बदलून पाहावा. २ टक्के धरले तर ५९ लाख होतात, ३ धरले तर साडेत्रेपन्न. म्हणजे या दराचा परिणाम आहे, पण तो खर्चाच्या आकड्याइतका नाही. कुणी सूत्रात १ ऐवजी थेट ७ टक्के टाकले, तर उत्तर ३८ लाख येतं. ऑनलाइन कॅल्क्युलेटर संशयास्पद कमी आकडा दाखवत असेल तर बहुतेक वेळा महागाई गाळून हेच केलेलं असतं.

वीस वर्षांनी मुलं हाताशी येतील, पण तुमच्या पत्नी तेव्हा ५३ वर्षांच्या असतील. पेन्शन नसलेल्या नोकरीतून त्या ५८ व्या वर्षी थांबल्या, तर ८५ पर्यंत २७ वर्षं काढायची आहेत. हा भाग मी पाहिलेल्या बहुतेक हिशेबांत कोराच असतो. कव्हर मुलं मोठी होईपर्यंतच मोजलं जातं आणि आईचं म्हातारपण आपोआप मुलांच्या खांद्यावर जातं. आजच्या किमतीत महिना २० हजार धरू. २७ वर्षांसाठी, त्याच १ टक्क्याने, ५८ व्या वर्षी हातात साडेछप्पन्न लाख हवेत. मात्र या पैशाला २५ वर्षं हात लावायचा नाही, त्यामुळे तो इक्विटी फंडात राहू शकतो. महागाईपेक्षा ३ टक्के जास्त वाढ धरली तर आज त्यासाठी २७ लाख बाजूला काढावे लागतात.

आईवडिलांचे ८ हजार: आई ८५ च्या होईपर्यंत २३ वर्षं धरली तर जवळजवळ २० लाख. हा आकडा पूर्णपणे परिस्थितीवर आहे. भाऊ किंवा बहीण निम्मा भार उचलणार असेल, वडिलांना पेन्शन असेल, शेतीचं उत्पन्न असेल तर तो कमी करा. पण शून्य करण्यापूर्वी त्या भावंडाशी प्रत्यक्ष बोला, नुसतं गृहीत धरू नका. शिवाय हे पैसे पत्नीच्याच हातात जाणार असतील तर ते सासूसासऱ्यांपर्यंत पोहोचण्याची व्यवस्था काय, हाही प्रश्न आहे. ज्यांना त्याची चिंता वाटते त्यांना मी आईच्या नावाने २० ते २५ लाखांची छोटी वेगळी पॉलिसी घ्यायला सांगतो. दोन पॉलिसींचा हप्ता एका मोठ्या पॉलिसीपेक्षा किंचित जास्त पडतो, पण घरात वाद राहत नाही.

आता कर्ज. गृहकर्ज ४२ आणि गाडीचं ३, मिळून ४५ लाख. घरखर्चात हप्ते धरले नव्हते म्हणून इथे बाकी रक्कम पूर्ण धरायची. दोन्हीकडे धरली तर आकडा फुगतो, आणि एकाही ठिकाणी धरली नाही तर घर बँकेकडे जातं. दोन्ही चुका मी वारंवार पाहतो. काही लोक विचारतात की कर्ज फेडायचं कशाला, पैसे गुंतवून हप्ता भरत राहू. साडेआठ टक्के कर्ज आणि ७ टक्के एफडी असताना ते तोट्याचं आहे. व्यक्तीला दिलेल्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडण्याचा दंडही नसतो, त्यामुळे पैसे आले की कर्ज बंद करणंच योग्य. बँकेने कर्ज देताना तुमच्या गळ्यात कर्ज-विमा घातला आहे का, ते कागद काढून पाहा. त्याचं कव्हर बहुधा कर्जाबरोबर घटत जातं. तो असेल तर आजच्या तारखेला त्याचं जेवढं कव्हर उरलं आहे तेवढं ४२ मधून वजा करता येईल.

शिक्षणासाठी मी दोघांचे मिळून २४ लाख धरतो, म्हणजे प्रत्येकी १२. खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची चार वर्षांची फी आणि वसतिगृह यांचा हा आजचा ढोबळ अंदाज आहे. फी साधारण महागाईपेक्षा वेगाने वाढते, पण दहा-पंधरा वर्षं गुंतवलेले पैसेही एफडीपेक्षा जास्त वाढतात. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात असं धरून आजचीच किंमत ठेवायची. कॅल्क्युलेटर अनेकदा २०३६ ची फुगलेली फी दाखवतो आणि तेवढंच कव्हर घ्यायला सांगतो. दहा वर्षांनी लागणारे ३० लाख आज ३० लाख म्हणून हातात असण्याची गरज नाही. वैद्यकीय किंवा परदेशी शिक्षण खरोखर ठरलेलं असेल तर हा आकडा तुमचा तुम्ही वाढवा. लग्नाचा खर्च मी धरत नाही. तोवर मुलं स्वतः कमावत असतील, आणि त्या खर्चाचा आकार घर परिस्थितीप्रमाणे ठरवू शकतं. शिक्षणाला ती सूट नसते.

शेवटी ४ लाख पहिल्या सहा महिन्यांसाठी. शेवटच्या आजारपणाचं बिल, क्रियाकर्म, आणि दावा मंजूर होईपर्यंतचा घरखर्च त्यातून निघतो.

आतापर्यंतची बेरीज अशी: घरखर्च ६५, पत्नीचं उतारवय २७, आईवडील २०, कर्ज ४५, शिक्षण २४, तातडीचे ४. एकूण १ कोटी ८५ लाख.

यातून हातात असलेलं वजा करायचं. पीएफ ११, फंड ८, जुन्या पॉलिसीचे ५, एकूण २४ लाख. एफडीचे ३ लाख मी वजा करत नाही, ते घरात अडीनडीला राहू द्या. राहतं घर आणि अंगावरचं सोनंही वजा करू नका. घर विकून खर्च भागवायचा म्हटलं तर भाडं सुरू होतं, आणि ते आपण खर्चात धरलेलंच नाही. एखादा दुसरा फ्लॅट किंवा प्लॉट असता आणि तो विकायची तुमची खरोखर तयारी असती, तर त्याची किंमत धरली असती.

ऑफिसचं ३० लाखांचं ग्रुप टर्म शून्य धरा. नोकरी बदलली, कपात झाली, कंपनीने पॉलिसी बदलली की ते जातं. गंभीर आजारामुळे माणूस नोकरी सोडतो तेव्हा तर ते नेमकं हवं असतं आणि नसतं, आणि त्या तब्येतीवर नवीन टर्मही मिळत नाही. पीएफबरोबर येणारा ईडीएलआय विमा, ज्याची कमाल मर्यादा ७ लाख आहे, त्यालाही हीच गोष्ट लागू. नोकरीत असताना मृत्यू झाला तरच तो मिळतो. पत्नीला ईपीएसचं, म्हणजे पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेचं, पेन्शन मिळेल, पण ते १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर काढलेलं असतं आणि महागाईबरोबर वाढत नाही. ही सगळी रक्कम मिळाली तर मिळाली. घराचा हिशेब तिच्यावर उभा करू नका, पण या सगळ्याची यादी पत्नीकडे असू द्या, कारण न मागितल्यामुळेच ती अनेकदा पडून राहते.

१८५ वजा २४, म्हणजे १ कोटी ६१ लाख. व्यवहारात मी तुम्हाला पावणेदोन कोटी घ्यायला सांगेन, कारण १ टक्क्याचा अंदाज आणि पत्नीचा पगार या दोन्ही गोष्टी डळमळीत आहेत.

आता पगाराच्या बाजूने पडताळणी. तुमच्या ९५ हजारांतून तुमचा १२ हजारांचा खर्च गेला की घराला महिना ८३ हजार मिळतात, वर्षाला सुमारे १० लाख. ६० व्या वर्षापर्यंत २३ वर्षं, त्याच १ टक्क्याने आजची किंमत २ कोटी ४ लाख येते. तुम्ही हयात राहून घराला जे दिलं असतं त्याची ही ढोबळ कमाल आहे. गरजेचा आकडा याच्या वर गेला तर कुठेतरी काही दोनदा मोजलं गेलं आहे किंवा उद्दिष्टं उत्पन्नाला झेपणारी नाहीत असं समजा. एजंटचे अडीच कोटी या कमालीच्याही पुढे जातात. त्यात धोका काही नाही, पण तो जादा हप्ता वीस-बावीस वर्षं भरायचा आहे, आणि हप्ता जड झाला की पॉलिसी मध्येच बंद पडते, जे कमी कव्हरपेक्षाही वाईट.

सहकाऱ्याच्या एक कोटीचं काय होतं तेही पाहा. एक कोटी आणि तुमचे २४ लाख, मिळून १ कोटी २४ लाख. कर्जाचे ४५, शिक्षणाचे २४ आणि तातडीचे ४ गेले की उरतात ५१ लाख. त्यातून घराची तूट आणि आईवडिलांचे पैसे, वर्षाला साडेचार लाखांहून थोडे जास्त, द्यायचे. हे पैसे बाराव्या वर्षी संपतात. तेव्हा मुलगा १५ वर्षांचा, पत्नी ४५ च्या, आणि त्यांच्या उतारवयासाठी शून्य. एक कोटी ऐकायला मोठे वाटतात, पण त्यातला जवळजवळ निम्मा भाग पहिल्याच महिन्यात बँकेकडे जातो.

मुदत ६० पर्यंत, म्हणजे २३ वर्षं ठेवा. त्यानंतर तुमचा पगारच थांबणार आहे, त्यामुळे त्याला पर्याय म्हणून कव्हर ठेवण्यात अर्थ उरत नाही. ८५ किंवा ९९ वर्षांपर्यंतच्या कव्हरचा हप्ता बराच जास्त असतो. दर वर्षी वाढणारं कव्हर हवं का, हा प्रश्न पुढे येईलच. दहा वर्षांनंतरचा हिशेब करून पाहिला तर घरखर्चासाठी तेव्हाच्या रुपयांत ६१ लाख लागतात, आजच्या ६५ च्या जवळपासच, कारण खर्च वाढतो पण उरलेली वर्षं घटतात. गृहकर्ज ४२ वरून साडेचोवीसवर येतं. पीएफ आणि एसआयपी चालू राहिले तर एकूण गरज सव्वा कोटीच्या आसपास उतरते. तुमच्यासाठी स्थिर कव्हर पुरेसं आहे. कर्ज नसलेल्या पंचविशीतल्या माणसाला मी वेगळं सांगितलं असतं, कारण त्याच्या जबाबदाऱ्या अजून यायच्या आहेत.

पॉलिसी घेताना एक गोष्ट तेव्हाच ठरवावी लागते, नंतर करता येत नाही. १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली, म्हणजे एमडब्ल्यूपी पर्यायाने, पॉलिसी घेतली तर ती रक्कम पत्नी आणि मुलांसाठीच्या विश्वस्त निधीसारखी राहते. तुमचे धनको किंवा इतर नातेवाईक तिच्यावर हक्क सांगू शकत नाहीत. मात्र गृहकर्जात पत्नी सहकर्जदार असतील तर ते कर्ज त्यांचंही आहे, आणि त्या नात्याने बँक त्यांच्याकडे मागणी करणारच. आणि एमडब्ल्यूपीचे लाभार्थी नंतर बदलता येत नाहीत. हा पर्याय फक्त पत्नी आणि मुलांसाठी असल्यामुळे आईसाठीची पॉलिसी त्यात बसत नाही, ती साध्या नॉमिनेशनने वेगळी ठेवा.

अर्जात तंबाखू, रक्तदाब, आधी नाकारलेला प्रस्ताव, इतर पॉलिसी हे सगळं खरं लिहा, आणि फॉर्म एजंट भरत असला तरी सही करण्यापूर्वी प्रत्येक उत्तर स्वतः वाचा. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, पण पहिल्या तीन वर्षांत दावा आला तर प्रत्येक उत्तर तपासलं जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. कुणी जुना कोटेशनचा कागद दाखवत असेल तर आकडा नव्याने काढून घ्या.

मूळ शीट जपून ठेवा. नवं कर्ज घेतलं, आणखी एक मूल झालं, पत्नीची नोकरी सुटली किंवा वडिलांचं पेन्शन थांबलं, की त्यातली ती एक ओळ बदला आणि कव्हर पुरतंय का ते पाहा. यातलं काहीच झालं नाही तर तीन-चार वर्षांतून एकदा घरखर्चाची ओळ तपासली तरी पुरे. उत्तरात मी धरलेल्या गोष्टींपैकी पत्नीचे १४ हजार आणि आईवडिलांची २३ वर्षं या दोन ओळी तुम्ही आधी दुरुस्त करा. त्या बदलल्या तर आकडा दहा-वीस लाखांनी हलेल.